डायगोनल स्प्रेड

डायगोनल स्प्रेड ही ऑप्शन बाजारातील एक व्यूहरचना आहे. तिच्यात एकाच समभागावरील किंवा निर्देशांकावरील, एकाच प्रकारचे दोन ऑप्शन एकाच वेळी घेतले जातात. लांब मुदतीचा ऑप्शन विकत घेतला जातो आणि जवळच्या मुदतीचा ऑप्शन विकला जातो. दोघांच्या मुदतीही वेगळ्या असतात व स्ट्राइक किंमतीही. दोन्ही ऑप्शन कॉल असल्यास किंमत हळूहळू वर सरकेल, तर दोन्ही पुट असल्यास ती हळूहळू खाली सरकेल, अशी अपेक्षा या रचनेमागे असते.

नावाचा उगम

अमेरिकी वृत्तपत्रांतील ऑप्शनच्या भावतक्त्यांत स्ट्राइक किंमती वरून खाली आणि मुदतीचे महिने डावीकडून उजवीकडे छापले जात. एकाच महिन्यातील दोन स्ट्राइकमधील सौद्याला व्हर्टिकल, म्हणजे उभा स्प्रेड म्हणत. एकाच स्ट्राइकच्या दोन महिन्यांतील सौद्याला हॉरिझॉन्टल, म्हणजे आडवा स्प्रेड म्हणत. त्यालाच कॅलेंडर स्प्रेड असेही नाव आहे. स्ट्राइक आणि महिना दोन्ही बदलले की तक्त्यातील दोन चौकटी तिरक्या रेषेत येतात, म्हणून हा डायगोनल.

कार्यपद्धती

ऑप्शनच्या प्रीमियमचा एक भाग उरलेल्या मुदतीचे मोल असतो. मुदत संपत जाते तसा हा भाग झिजतो. या झिजेला काळक्षय म्हणतात. प्रचलित भावाच्या आसपासच्या स्ट्राइकवर ही झीज मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांत सर्वाधिक वेगाने होते. लांब मुदतीचा ऑप्शन त्या मानाने सावकाश झिजतो. डायगोनल स्प्रेडमध्ये वेगाने झिजणारा ऑप्शन विकलेला आणि सावकाश झिजणारा घेतलेला असतो, त्यामुळे काळ धारकाच्या बाजूने काम करतो.

स्ट्राइकमधील फरक दुसरे काम करतो. कॉलच्या रचनेत विकत घेतलेल्या ऑप्शनची स्ट्राइक सहसा प्रचलित भावाच्या खाली आणि विकलेल्याची वर असते. खालच्या स्ट्राइकचा कॉल भावाच्या चढउताराला अधिक प्रतिसाद देतो, म्हणून भाव वर सरकल्यास एकूण रचनेचे मूल्य वाढते. शुद्ध कॅलेंडर स्प्रेडला भाव जवळपास स्थिर राहावा लागतो. डायगोनल स्प्रेडला एका दिशेची संथ वाटचाल अधिक मानवते.

उदाहरण

एका काल्पनिक समभागाचा भाव १,००० रुपये आहे. त्याची वार्षिक अस्थिरता २४ टक्के असून व्याज व लाभांश विचारात घेतलेले नाहीत. पुढील किंमती ब्लॅक-शोल्स सूत्राने काढून जवळच्या रुपयापर्यंत पूर्ण केल्या आहेत. ९० दिवसांचा ९६० स्ट्राइकचा कॉल ६९ रुपयांना घेतला आणि ३० दिवसांचा १,०५० स्ट्राइकचा कॉल १० रुपयांना विकला, तर निव्वळ खर्च ५९ रुपये होतो. सुरुवातीला घेतलेला कॉल दिवसाला सुमारे २४ पैसे, तर विकलेला सुमारे ३६ पैसे झिजतो.

तीस दिवसांनी विकलेला कॉल संपतो आणि घेतलेल्या कॉलची ६० दिवसांची मुदत शिल्लक असते. अस्थिरता तीच राहिल्यास त्या दिवशीचे चित्र असे असते:

- भाव ९०० : घेतलेला कॉल १४ रुपये, तोटा ४५ रुपये.
- भाव १,००० : घेतलेला कॉल ६१ रुपये, नफा २ रुपये.
- भाव १,०५० : घेतलेला कॉल ९९ रुपये, नफा ४० रुपये.
- भाव १,१५० : घेतलेला कॉल १९१ रुपये, विकलेल्याचे देणे १०० रुपये, नफा ३२ रुपये.

भाव जागचा हलला नाही तर केवळ काळक्षयाने मिळणारी रक्कम २ रुपये, म्हणजे अल्प आहे. उरलेला नफा भावाच्या वाटचालीतून येतो. सर्वाधिक नफा भाव विकलेल्या स्ट्राइकवर येऊन थांबल्यास होतो, कारण तेव्हा विकलेला कॉल निरुपयोगी होऊन संपतो आणि घेतलेल्या कॉलची वाढ पूर्णपणे हाती राहते.

स्ट्राइक निवडीची कसोटी

वरील उदाहरणात दोन स्ट्राइकमधील अंतर ९० रुपये आणि खर्च ५९ रुपये आहे. भाव कितीही उसळला तरी रचनेचे मूल्य ९० रुपयांच्या खाली जात नाही, म्हणून किमान ३१ रुपये नफा उरतो. मात्र निव्वळ खर्च स्ट्राइकमधील अंतरापेक्षा जास्त असेल, तर दिशेचा अंदाज खरा ठरूनही मोठ्या तेजीत तोटा होऊ शकतो. दोन्ही स्ट्राइक एकमेकींच्या फार जवळ घेतल्यास ही स्थिती उद्भवते. सौदा करण्यापूर्वी ही एक वजाबाकी करून पाहिल्यास दोष लगेच लक्षात येतो.

जोखीम

पहिल्या टप्प्यातील कमाल तोटा दिलेल्या निव्वळ प्रीमियमइतका असतो; तो भाव मोठ्या प्रमाणात कोसळल्यास होतो. विकलेल्या कॉलचे १० रुपये अशा वेळी फारसा आधार देत नाहीत.

दुसरी जोखीम अस्थिरतेची आहे. लांब मुदतीच्या ऑप्शनचे मूल्य अस्थिरतेच्या बदलाला अधिक संवेदनशील असते. उदाहरणातील समभाग तीस दिवसांनी १,००० वरच राहिला, पण बाजाराने गृहीत धरलेली अस्थिरता २४ वरून १८ टक्क्यांवर आली, तर घेतलेला कॉल ६१ ऐवजी ५३ रुपयांचा होतो आणि २ रुपयांच्या नफ्याचा ६ रुपये तोटा होतो. कंपनीच्या निकालासारख्या घटनेपूर्वी प्रीमियम फुगलेले असताना ही रचना उभारल्यास असा अनुभव येतो. काळक्षय अपेक्षेप्रमाणे होऊनही एकूण मूल्य घटत असेल, तर कारण बहुधा अस्थिरतेत असते.

पुढील टप्पा

विकलेला ऑप्शन संपल्यावर उरतो तो केवळ घेतलेला ऑप्शन, आणि त्याची झीज आता धारकाच्या विरुद्ध जाते. तेव्हा तो विकून सौदा बंद करता येतो किंवा पुढील महिन्याचा कॉल विकून रचना पुन्हा उभारता येते. पुन्हा विकताना नवी स्ट्राइक किमान अशी असावी लागते की आतापर्यंतचा एकूण निव्वळ खर्च तिच्या व घेतलेल्या स्ट्राइकच्या अंतरापेक्षा कमी राहील. भाव घसरल्यावर प्रीमियम मिळावा म्हणून फार खालची स्ट्राइक विकल्यास ही अट मोडते आणि भाव सावरताच तोटा पक्का होतो.

समाशोधन व नियम

अमेरिकेत समभागांवरील ऑप्शन मुदतीपूर्वी केव्हाही वापरता येतात. त्यामुळे लाभांशाच्या पात्रता तारखेच्या आदल्या दिवशी विकलेला कॉल धारकावर अचानक बजावला जाण्याचा संभव असतो. भारतात शेअर बाजारांवरील ऑप्शन केवळ मुदतीच्या शेवटी वापरता येतात, म्हणून ही अडचण येत नाही. तथापि समभागांवरील करारांची पूर्तता प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊन होते. विकलेला कॉल नफ्यात संपला तर समभाग द्यावे लागतात, आणि पुढील मुदतीचा घेतलेला कॉल त्या दिवशी समभाग मिळवून देत नाही. म्हणून विकलेला कॉल मुदतीआधी परत घेण्याची पद्धत आहे. निफ्टीसारख्या निर्देशांकांवरील ऑप्शनची पूर्तता रोखीने होते.

वेगवेगळ्या मुदतींचे सौदे एकमेकांना आधार देत असल्याने मार्जिनमध्ये सवलत मिळते. मात्र सेबीच्या ऑक्टोबर २०२४ मधील परिपत्रकानुसार १ फेब्रुवारी २०२५ पासून, त्याच दिवशी संपणाऱ्या करारांना ही कॅलेंडर स्प्रेडची सवलत लागू होत नाही. त्यामुळे विकलेला ऑप्शन शेवटच्या दिवसापर्यंत ठेवल्यास त्या दिवशी अधिक मार्जिनची तजवीज करावी लागते.