शिल्लक उजवीकडे

पासबुकात शिल्लक शेवटच्या रकान्यात, उजव्या कडेला का असते, हा प्रश्न मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी विचारला नाही आणि बँकेच्या परीक्षेतही आला नाही. आपली शेंडी डोक्याच्या मागच्या बाजूला का, असं कुठं कुणी विचारतं? ती तिथं असते. हात मागे गेला की सापडते.

पासबुक हा शब्दसुद्धा असाच हातांनी घडवलेला आहे. ते पुस्तक खातेदाराकडून बँकेकडे आणि बँकेकडून खातेदाराकडे ‘पास’ होत राहायचं, म्हणून पासबुक असं सांगतात. आपल्याकडे १८८२ साली पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली आणि ज्याला बँकेची पायरी चढायची भीती वाटे, त्याच्याही ट्रंकेत एक पुस्तक येऊन पडलं. तेव्हापासून राज्यं बदलली, रुपयाचे आणे जाऊन पैसे आले, १९६९ साली चौदा बँका सरकारच्या झाल्या. पण पुस्तक उघडलं की डावीकडे तारीख, मग तपशील, मग काढले, मग भरले, आणि उजवीकडे शिल्लक. काढले आणि भरले यांची कुठे कुठे अदलाबदल झाली असेल, शिल्लक मात्र जागची हलली नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेतली लेजरं माळ्यावर गेली होती. पण ज्यांनी ती लिहिली ते हेडक्लार्क शिल्लक होते. (माणसंही उजव्या रकान्यातच असतात म्हणा.) ते सांगायचे, की हातानं लिहिलेली पासबुकं जाऊन छापील नोंदी आल्या तेव्हा खातेदारांनी थोडी कुरकुर केली. अक्षर बारीक, शाई फिकी, आणि यंत्र कधी कधी एका ओळीवर दुसरी ओळ छापून भुताटकी करायचं. तरी आठवड्याभरात सगळे निवळले. कारण उघड होतं. अक्षर बदललं होतं, रकाने बदलले नव्हते. सत्तरीतल्या माणसानं चष्मा विसरला तरी बोट उजवीकडे ठेवून तो समोरच्या क्लार्कला सांगू शकत होता, “एवढं वाचून दाखवा.”

इथं एक बारीक गोष्ट आहे. म्हातारी माणसं पासबुक वाचत नाहीत, पाहतात. आपणही घरातलं दिव्याचं बटण वाचत नाही. अंधारात हात जातो आणि दिवा लागतो. त्या जागी कुणी पंख्याचं बटण बसवलं तर आपण वेंधळे ठरतो, वायरमन शहाणाच राहतो.

याचा पुरावा काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठेवलेला आहे. माझ्यापुढच्या कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वरच्या ओळीत असतात. ही बेरजेच्या यंत्राची मांडणी. अमेरिकेत १९१४च्या सुमारास सुंडस्ट्रँडच्या दहा बटणांच्या यंत्रानं ती रूढ केली. पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिफोनला बटणं बसवायची ठरली, तेव्हा तिथल्या मंडळींनी आकड्यांच्या नाना मांडण्या माणसांच्या बोटांखाली घालून पाहिल्या. १९६० साली त्याचा अहवाल छापला, आणि १९६३ साली जो बटणांचा फोन बाजारात आला त्यावर एक-दोन-तीन वर होते. आजची एटीएमं हीच फोनची मांडणी पाळतात. आपल्याकडे पहिलं एटीएम मुंबईत १९८७ साली आलं. तेव्हापासून बँक एकच, पैसे तेच, पण क्लार्कचा एक खाली आणि खातेदाराचा एक वर, असा आमचा संसार चालू आहे.

आता दोहोंतली शहाणी मांडणी कुठली? ज्याची बोटं ज्या मांडणीवर घडली त्याला ती. मी सात-आठ-नऊ वर असलेल्या पाटीवर न बघता दिवसभर रकमा बडवतो आणि एटीएमपुढे उभा राहिलो की शाळेतल्या पोरासारखा एकेक आकडा शोधतो. कित्येक म्हाताऱ्यांना तर पिन आकड्यांत आठवतच नाही. “वर डावीकडे, मध्ये, खाली, परत मध्ये” असा तो बोटांना आठवतो. म्हणूनच काही बँकांच्या संकेतस्थळांवर आकड्यांची पाटी दर वेळी विस्कटून येते, तेव्हा चोराबरोबर मालकही बाहेर राहतो.

एवढी वंशावळ सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर. वय शहात्तर. नातवानं त्यांच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप घालून दिलं आणि मास्तरांनी ते गणिताच्या शिस्तीनं पाठ केलं. उघडलं की वर खातं आणि शिल्लक. खाली सहा चौकोन, दोन ओळींत. दुसऱ्या ओळीतला पहिला चौकोन ‘पैसे पाठवा’. त्यात नावांची यादी वर्णक्रमानं, आणि पहिलंच नाव मिरजेच्या ‘अक्कां’चं. दर महिन्याच्या एक तारखेला अक्कांना दोन हजार. चार टिचक्या, रक्कम, पिन, संपलं.

एके दिवशी अ‍ॅपनं रात्रीत कात टाकली. सकाळी मास्तर शाखेत हजर.

“साहेब, मी कर्ज मागितलं होतं का?”

“नाही बुवा.”

“मग हे मला पाच लाख द्यायला का निघालेत? दोन हजार पाठवायला गेलो, तर विचारतात, हप्ता किती महिन्यांचा!”

मी फोन हातात घेतला. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या चौकोनात आता ‘झटपट कर्ज’ बसलं होतं. ‘पैसे पाठवा’ खालच्या पट्टीत गेलं होतं, तेही नाव गाळून. नुसतं कागदी विमानाचं चित्र. मास्तरांच्या मते वर्गात विमान सोडणाऱ्याला बाकावर उभं करायचं असतं, त्याच्या हाती दोन हजार द्यायचे नसतात. शिल्लक होती, पण झाकलेली. शेजारी एक डोळा, तो दाबला की दिसणार.

डोळ्याबद्दल मी नव्या पडद्याची बाजू घेतो. एसटीत शेजारचा माणूस आपल्या वर्तमानपत्राइतक्याच आपुलकीनं आपली शिल्लक वाचतो, तेव्हा ती झाकलेली बरी. जागा तीच ठेवून वर पडदा सोडला, तर एकदा शिकवून म्हातारा शिकतो. मास्तरही शिकले. रंग बदलला, कोपरे गोल झाले, अक्षरं मोठी झाली, यांतल्या कशानंही ते अडले नाहीत. अडले ते तीन ठिकाणी: जागा बदलली तिथं, नाव गेलं तिथं आणि क्रम फिरला तिथं.

क्रमाचं प्रकरण सर्वांत चिवट. मास्तरांनी दुसरी तक्रार लेखी आणली होती: “विजेचे ११५० रुपये दोनदा वजा.” त्यांचा हिशेब असा. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक १२,४००. पेन्शन २८,००० आली, झाले ४०,४००. अक्कांना २,०००, राहिले ३८,४००. वीजबिल १,१५०, राहिले ३७,२५०. पासबुकात हे वरून खाली उतरतं. प्रत्येक ओळीची शिल्लक तिच्या वरच्या ओळीतून निघते. अ‍ॅपमध्ये ताजी नोंद सर्वांत वर. मास्तरांनी पडद्याच्या माथ्यावर ३७,२५० पाहिले, खाली पहिल्याच ओळीत १,१५० वजा दिसले, आणि सवयीनं वजा केले. उरले ३६,१००. वजाबाकी बिनचूक होती, फक्त कागद उलटा धरलेला होता. त्यात काढले-भरले यांचे दोन रकाने जाऊन एकच उरलेला. फरक दाखवायला लाल आणि हिरवा रंग. जुन्या डोळ्यांना ते दोन्ही रंग सांजवेळच्या भाजीसारखे दिसतात.

ताजी नोंद वर ठेवण्यात अर्थ आहे, नाही असं नाही. पगार जमा झाला का एवढंच ज्याला पाहायचं आहे तो खाली कशाला सरकेल? पण मग प्रत्येक ओळीशेजारी त्या वेळची शिल्लक छापा, आणि रकमेपुढे ‘जमा’ किंवा ‘नावे’ हा शब्द लिहा. दोन अक्षरांनी पडदा काही वाकत नाही.

यादीचा क्रम फिरला तिथं मात्र प्रकरण हसण्यावारी जात नाही. नव्या पडद्यावर नावं वर्णक्रमानं नव्हती. ज्याला शेवटचे पैसे दिले तो पहिला. आदल्या आठवड्यात मास्तरांनी औषधवाल्याला दिले होते. बोट सवयीनं पहिल्या नावावर गेलं असतं, तर अक्कांचे दोन हजार औषधवाल्याच्या गल्ल्यात. ऑनलाइन पाठवलेले पैसे खाते क्रमांकावर जातात. ते एकदा समोरच्या खात्यात पडले, की त्याच्या संमतीशिवाय बँक परस्पर ओढून आणू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून १ एप्रिल २०२५पर्यंत बँकांना एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करायची होती. चांगली सोय आहे. पण औषधवाल्याचं नावही खरंच आहे. पडदा अगदी बरोबर नाव दाखवणार, आणि बोट अगदी चुकीच्या माणसाला पैसे देणार. औषधवाला ओळखीचा असतो, परत देतो. दर वेळी औषधवालाच असेल असं नाही.

आणि बनावट अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून “तुमचं बँकेचं अ‍ॅप बदललंय, हे घाला” म्हणणारे लोक याच हंगामाची वाट पाहतात. एरवी नवा पडदा दिसला की म्हातारा बिचकून थांबला असता. पण खऱ्या बँकेनंच न सांगता परवा पडदा बदलला असेल, तर आजचा खोटा कशावरून ओळखावा?

आमच्या वरिष्ठ कार्यालयातून विचारणा आली, की नवा पडदा ज्येष्ठांना कसा वाटतो. सोबत पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मास्तरांनी हसरा चेहरा दाबला, कारण बँकेला वाईट वाटू नये. म्हणून माझ्या मते म्हाताऱ्याला ‘कसं वाटतं’ विचारूच नये. त्याच्या हातात फोन द्यावा, “नेहमीचे पैसे पाठवा” म्हणावं, आणि आपण गप्प बसून बोटाकडे पाहावं. बोट जुन्या जागी गेलं, तिथं काय उघडलं? कर्ज उघडलं, तर नापास. तिथून एका टिचकीत मूळ पडद्यावर येता आलं का? जुनी मांडणी निदान काही महिने मागता येते का? मी हे उत्तरात लिहिलं. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ असं आलं. कुठल्या रकान्यात, ते कळलं नाही.

मास्तरांनी आपली सोय लावली आहे. अक्कांचं नाव यादीत बदलून ‘अक्का मिरज दोन हजार’ असं केलं, आणि पाठवण्यापूर्वी ते मोठ्यानं वाचतात. बँकेत रांगेत उभे राहून वाचतात तेव्हा सगळ्या शाखेला अक्कांचं उत्पन्न कळतं. आणि दोन तारखेला पासबुक भरून घ्यायला येतात. नोंद खरी उतरली का, ते उजवीकडे पाहायला. आमचं पासबुक छापायचं यंत्र सध्या बंद आहे.