ट्यूबलाइटमधील छायाचित्रांची स्वयंचलित रंगदुरुस्ती : 'करड्या सरासरी'च्या गृहीतकाचा इतिहास

प्रस्तावना
ट्यूबलाइटच्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांवर हिरवट झाक येते. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून निघणाऱ्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा ठळक असते, हे त्याचे प्रमुख कारण होय. मानवी दृष्टी या प्रकाशाशी जुळवून घेते. फिल्म तसे करीत नाही. म्हणून फिल्मच्या काळात छायाचित्रकार भिंगावर किरमिजी गाळणी लावीत. हीच दुरुस्ती यंत्राकडून कशी होऊ लागली आणि ती कोठे अपुरी ठरते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गृहीतकाचा उगम
ईस्टमन कोडॅक कंपनीतील राल्फ एम. इव्हान्स यांनी रंगीत प्रती दुरुस्त करण्याच्या पद्धतीसाठी १९४६ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. ते १९५१ मध्ये मंजूर झाले. दृश्यातील सर्व रंगांची सरासरी साधारणपणे करडी येते, ही त्यामागील कल्पना. १९८० मध्ये बुक्सबाउम यांनी तिला गणिती रूप दिले.

समजा, सभागृहाच्या छायाचित्रात तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या सरासरी अनुक्रमे ९६, १२८ व ११२ आल्या. त्या समान करण्यासाठी तांबड्यास १.३३ व निळ्यास १.१४ ने गुणावे लागेल. त्यामुळे १२०, १६०, १४० अशी नोंदलेली पांढऱ्या सदऱ्याची मूल्ये तिन्ही १६० होतात व सदरा निर्रंग दिसतो.

मर्यादा
पुढील छायाचित्रात मात्र हिरवा फळा बहुतांश चौकट व्यापतो आणि सरासरी ८०, १२८, ९६ येते. आता गुणक १.६ व १.३३ होतात. प्रकाश तोच असूनही तोच सदरा १९२, १६०, १८७, म्हणजे जांभळट होतो. यंत्राने फळ्याचा रंग प्रकाशाचा मानला. यावर उपाय असा की, त्याच प्रकाशात करड्या कार्डाचे एक छायाचित्र घेऊन त्याचेच गुणक संपूर्ण मालिकेस लावावेत.

तरीही एक अडचण उरते. ५० हर्ट्झच्या विजेवर साध्या चोकची नळी सेकंदास १०० वेळा मंद-तेज होते आणि तिच्या लेपातील निरनिराळ्या रंगांची दीप्ती सारख्या वेगाने ओसरत नाही. १/५०० सेकंदाच्या उघडझापेत या चक्राचा केवळ एक तुकडा टिपला जातो. म्हणून लागोपाठच्या छायाचित्रांतही झाक बदलते व सामाईक गुणक निरुपयोगी ठरतात. कॅमेरा न हलवता पांढऱ्या भिंतीची काही छायाचित्रे घेऊन मूळ, दुरुस्त न केलेल्या नोंदींतील तांबड्या-हिरव्याचे गुणोत्तर तपासावे. ते बदलत असल्यास दोष प्रकाशाचा, स्थिर असल्यास दुरुस्तीचा समजावा. पहिल्या स्थितीत १/५० सेकंदाची उघडझाप ठेवल्यास पूर्ण चक्र टिपले जाते.

निष्कर्ष
इव्हान्स यांचे गृहीतक एकेका छायाचित्रापुरते उपयुक्त आहे. मालिकेतील सुसंगतीसाठी मात्र दृश्याची सरासरी नव्हे, तर प्रत्यक्ष प्रकाशाचे मापनच प्रमाण मानावे लागते.