बाळाच्या गालावरचा इसब: मेडिकलमधली कोणती ट्यूब लावायची, कोणती नाही?

गालावर लाल, खरखरीत चट्टे, रात्रभर खाजवणं, आणि आठवडाभरात मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब. शहापूर-मुरबाडच्या गावांत बाळाच्या इसबाची, म्हणजे एक्झिमाची गोष्ट बऱ्याचदा अशीच सुरू होते. ट्यूब लावली की दोन दिवसांत गाल साफ दिसतो, आणि फसगत होते ती इथेच.

अशा अनेक ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन ही नावं दिसली तर बाळाच्या तोंडाला ती ट्यूब स्वतःहून लावू नका. बाळाची त्वचा पातळ असल्यामुळे औषध जास्त शोषलं जातं, त्वचा आणखी पातळ होते आणि थांबवलं की चट्टे उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती काउंटरवर मिळतातच.

मग स्टेरॉइड अजिबात नको? तसंही नाही. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य क्रीम डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून एकदा, थोडे दिवस लावलं तर सहसा सुरक्षित असतं. भीतीने ते टाळलं तर बाळ खाजवत राहतं आणि जखमेत जंतू शिरतात.

किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. सहा महिन्यांच्या बाळाच्या दोन्ही गालांना अर्धी रेघसुद्धा खूप झाली. फक्त लाल जागी लावा. लंगोटाखाली विचारल्याशिवाय नको, कारण झाकलेल्या त्वचेत ते जास्त मुरतं.

रोजचं खरं काम मात्र मॉइश्चरायझरचं. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं अंघोळ, टॉवेलने टिपणं (घासणं नाही), आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली. गाल साफ दिसले तरी दिवसातून दोनदा, आठवड्याला साधारण १०० ग्रॅम संपलं पाहिजे. छोटी डबी महिनाभर पुरत असेल तर कमी लावताय. एप्रिल-मेच्या उकाड्यात दाट जेलीखाली घाम साचतो, तेव्हा दिवसा हलकं क्रीम आणि रात्री जेली असं करता येतं.

बेसन किंवा उटण्याने चोळणं, कडक पाणी, धुरी, चुलीचा धूर, लोकरीची टोपी, कपड्यात राहिलेला साबण, यांनी इसब भडकतो. आजीला धुरी बंद करायला सांगणं सोपं नाही, पण आठवडाभर थांबवून फरक बघा म्हटलं तर ती ऐकते.

एक गोष्ट तपासा: घरात इतरांनाही रात्री खाज येते का? बाळाच्या तळहात-तळपायावर पुरळ आहे का? तर ती खरूज असू शकते, आणि स्टेरॉइडने ती दबून पसरते. पिवळी खपली, ताप, किंवा झपाट्याने वाढणारे दुखरे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि घरात लावलेली ट्यूबही सोबत न्या.