गाडी धुण्याच्या मासिक प्लॅनचं कॅप्शन कसं लिहायचं? दर, वार, सोसायटीची परवानगी आणि पेमेंट

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकचकीत गाडीचा फोटो येतो आणि खाली चार ओळी असतात: प्लॅन, वार, दर, नंबर. आपण त्या वरवर वाचतो, "इंटरेस्टेड" टाकतो आणि विसरतो. पण गाडी धुणारा आणि गाडीवाला यांच्यात दुसरा कुठलाच कागद नसतो. पुढे वाद झाला की दोघंही स्क्रोल करत त्याच चार ओळींवर येतात.

हे मला कळलं ते माझ्याच चुकीमुळे. पुण्यात आमच्या सोसायटीत गाड्या धुणाऱ्या दादांना मी कॅप्शन लिहून दिलं होतं. त्यात होतं: "सोम-बुध-शुक्र, महिन्याला १२ वॉश, फक्त ५०० रुपये." आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला बारा, असा माझा हिशोब. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बरोबर ठरला असता. जूनमध्ये मात्र सोमवार, बुधवार, शुक्रवार मिळून १३ दिवस येतात आणि ऑक्टोबरमध्ये १४. दादा ऐन दिवाळीतही चुकले नाहीत. २७ ऑक्टोबरला त्यांचे बारा वॉश पूर्ण झाले, म्हणून २९ आणि ३१ तारखेला ते आले नाहीत. शेजारच्या काकांनी पुढच्या महिन्याचे पैसे अडवून धरले. काका म्हणाले वार लिहिलेत, दादा म्हणाले बारा लिहिलेत. दोघंही बरोबर होते, चुकलो होतो मी.

त्यामुळे पहिला नियम: वार लिहा किंवा संख्या लिहा, दोन्ही लिहू नका. रोजच्या पुसण्याच्या कामाला वार जास्त सोयीचे, कारण गाडीवाल्याला वार लक्षात राहतो. आणि वार चुकला तर काय, हेही तिथेच लिहा. एका फेरीचे पैसे कापायला गेलात तर ५०० ला १३ ने भागत बसावं लागतं आणि ३८ रुपये ४६ पैशांवरून भांडण होतं. त्यापेक्षा "माझ्याकडून चुकल्यास त्याच आठवड्यात शनिवारी" हे सोपं. गाडीच बाहेर गेली असेल तर बदली फेरी नाही, हेही सांगून टाका.

आता प्लॅन. "बेसिक", "प्रीमियम" या नावांना काही अर्थ नसतो. काय पुसणार, कशाने आणि चावी लागणार का, एवढंच महत्त्वाचं. बाहेरून पुसायला मालक झोपलेला असला तरी चालतो. आतून साफ करायचं, म्हणजे मॅट, सीट, डॅशबोर्ड, तर कुणीतरी खाली येऊन गाडी उघडून द्यावी लागते. म्हणून आतल्या सफाईचा वार आणि वेळ वेगळी हवी, नाहीतर ती कधीच होत नाही आणि पैसे मात्र जातात. बाहेरून पुसणं म्हणजे ओल्या कपड्याने की कोरड्या, हेही विचारा. धुळीवर कोरडा कपडा फिरवला की त्याच धुळीचे कण रंगावर बारीक चरे पाडतात. गाडी काळी असेल तर उन्हात ते लगेच दिसतात.

परवानगीची ओळ बहुतेक जण गाळतात. आम्हीही गाळली होती. नोव्हेंबरमध्ये कमिटीने पार्किंगमध्ये पाइप लावायला बंदी केली आणि दादांची गेटवरच्या ॲपमधली एंट्री थांबवली. पैसे आधीच घेतले होते आणि सिक्युरिटी आत सोडेना. चार दिवस गेले. शेवटी सेक्रेटरींना भेटून बादली-कपडा, सकाळी ६ ते ९:३० आणि फक्त बेसमेंट अशी लेखी परवानगी मिळाली. हेच तपशील कॅप्शनमध्ये आले की कुणी "माझ्या गाडीला पाइपने मारा" म्हणत नाही. परवानगी रद्द झाली तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का, हे घेणाऱ्याने विचारलंच पाहिजे. आधारचा फोटो, ग्राहकांचे फ्लॅट नंबर, गाडीच्या नंबरप्लेट हे मात्र कॅप्शनमध्ये किंवा फोटोत नको. पोस्ट फॉरवर्ड होत कुठे जाईल सांगता येत नाही.

पेमेंटमध्ये "ऑटोपे" हा शब्द उगाच वापरू नका. यूपीआय ऑटोपे म्हणजे तुम्ही एकदा पिन टाकून मंजुरी देता आणि नंतर ठरलेली रक्कम आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, आणि साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन मागितला जात नाही. ॲपवरच्या कंपनीकडून प्लॅन घेतलात तर हे लागू होईल. सेवा बंद करताना यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती मंजुरीही रद्द करा, नुसतं कंपनीचं ॲप काढून टाकून भागत नाही. आमच्या दादांसारख्या एकट्या माणसासाठी साधा क्यूआर पुरेसा आहे. मी प्रत्येक प्लॅनचा वेगळा क्यूआर बनवला. त्याच्या आत एवढाच मजकूर असतो:

```
upi://pay?pa=yourid@bank&pn=Car%20Wash&am=500.00&cu=INR&tn=Basic%20Dec
```

`pa` म्हणजे यूपीआय आयडी, `am` म्हणजे रक्कम आणि `tn` म्हणजे नोंद. स्कॅन केलं की रक्कम भरलेली येते, आणि कुणी कुठल्या महिन्याचे दिले हे दादांना शोधत बसावं लागत नाही. क्यूआर बनवल्यावर आधी स्वतः स्कॅन करून बघा. पैसे देणाऱ्याने पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचायचं. `pn` मध्ये कुणीही काहीही लिहू शकतो, म्हणून बँकेत नोंदवलेलं नाव ॲप दाखवतं ते महत्त्वाचं.

तर दादांचं आताचं कॅप्शन असं आहे:

*गाडी पुसणे, डिसेंबर २०२५पासूनचे दर*
बाहेरून, ओला मायक्रोफायबर: सोम-बुध-शुक्र, महिना ५००
रोज (रविवार सोडून) + पहिल्या व तिसऱ्या रविवारी ८ ते ११ आतून: महिना ९००. चावी घेऊन खाली यावे
माझ्याकडून वार चुकल्यास: तीन दिवसांच्या प्लॅनला त्याच शनिवारी, रोजच्या प्लॅनला त्या रविवारी सकाळी. गाडी बाहेर असल्यास बदली नाही
कमिटीची लेखी परवानगी आहे: बेसमेंट, स. ६ ते ९:३०, रविवारी ११ पर्यंत. फक्त बादली, पाइप नाही
परवानगी थांबल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे परत
पैसे १ ते ५ तारखेला, यूपीआय (क्यूआर फोटोत) किंवा रोख

वर दोन्ही बाजूंना तारका ठेवल्या की व्हॉट्सॲपवर ती ओळ ठळक दिसते. महिना मुद्दाम पहिल्या ओळीत आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच बदलता येतो आणि फॉरवर्ड झालेल्या जुन्या प्रती तर फिरतच राहतात. तारीख असली की जुना दर दाखवून कुणी अडवत नाही. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, पण उघडल्याशिवाय सुरुवातीचाच भाग दिसतो. तिथे वार आणि दर आधी घ्या. कॅप्शनमधली लिंकही तिथे दाबता येत नाही, म्हणून क्यूआर दुसऱ्या फोटोत ठेवा.

काकांच्या ऑक्टोबरच्या दोन फेऱ्या दादांनी नंतर दोन शनिवारी भरून दिल्या. खरं तर त्या माझ्या नावावर टाकायला हव्या होत्या.