डीएनएस ते डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस : गोपनीयता आणि कार्यालयीन नियंत्रण यांचा इतिहास (१९८३–२०२०)

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता शोधून देणारी 'डीएनएस' ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्या काळी जाळ्यावरील संगणक मोजके होते. त्यामुळे विचारणा उघड्या मजकुरात पाठविण्यात कोणास वावगे वाटले नाही. ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून जाणारी ही विचारणा वाटेतील कोणासही वाचता येते आणि तिचे खोटे उत्तरही देता येते. कार्यालयीन नियंत्रण पुढे याच उणिवेवर उभे राहिले, हे विसरता येत नाही. कार्यालयाचा डीएनएस सर्व्हर वर्ज्य नावासाठी 'असे नाव अस्तित्वात नाही' असे उत्तर देई आणि तेवढ्याने काम भागे.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर या भोळेपणाचा फेरविचार सुरू झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आरएफसी ८४८४ प्रसिद्ध होऊन 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' प्रमाणित झाले. यात विचारणा कूटबद्ध होऊन ४४३ पोर्टवरून, म्हणजे सर्वसाधारण वेब-वाहतुकीच्याच वाटेने जाते. २०१६ च्या 'डीएनएस ओव्हर टीएलएस'ला ८५३ हे स्वतंत्र पोर्ट असल्याने ते ओळखून अडविणे सोपे होते. येथे ती सोय उरली नाही.

वादाला तोंड फुटले ते मोझिलामुळे. २५ फेब्रुवारी २०२० पासून अमेरिकेतील फायरफॉक्स वापरकर्त्यांच्या विचारणा मूलतःच क्लाउडफ्लेअरकडे वळविण्यास तिने प्रारंभ केला. कार्यालयाचा सर्व्हर त्यामुळे वगळला जाणार होता. यावर मोझिलाने योजलेला तोडगा मार्मिक होता. फायरफॉक्स आधी साध्या डीएनएसने `use-application-dns.net` या नावाची विचारणा करतो. कार्यालयाच्या सर्व्हरने `NXDOMAIN` हे उत्तर दिल्यास तो नवी पद्धत आपण होऊन सुरू करीत नाही. परंतु वापरकर्त्याने ती स्वतः निवडली असल्यास हा संकेत मानला जात नाही. अशा संगणकावर वर्ज्य संकेतस्थळे उघडू लागतात आणि सर्व्हरच्या नोंदींत त्या संगणकाच्या विचारणा घटतात, वेब-वाहतूक मात्र चालूच असते. तपासनीसाने ओळखावयाची खूण हीच. त्यामुळे संगणकावरच धोरण बसवून ही निवड बंद करणे, हा अधिक भरवशाचा उपाय ठरतो.

गोपनीयतेच्या बाजूनेही लाभ मर्यादितच आहे. वाटेतील सेवादात्यास विचारणा दिसत नाही, तथापि उत्तर देणाऱ्या सर्व्हरला ती पूर्ण दिसते. म्हणूनच नोंदी २४ तासांहून अधिक काळ ठेवू नयेत, अशी अट मोझिलाने आपल्या भागीदारांवर घातली. शिवाय टीएलएस जोडणीच्या आरंभी संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडच पाठविले जाते. ते झाकण्याची सोय दोन्ही टोकांस नसेल, तर कार्यालयाच्या फायरवॉलला ते तेथे वाचता येते.