सबअ‍ॅरेचा महत्तम गुणाकार

संख्यांच्या दिलेल्या अ‍ॅरेमधून एक सलग, रिकामा नसलेला तुकडा असा निवडायचा की त्यातील सर्व संख्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा, असा हा संगणकशास्त्रातील प्रश्न आहे. संख्या पूर्णांक असतात. त्या धन, ऋण किंवा शून्य असू शकतात. [२, ३, −२, ४] या अ‍ॅरेचे उत्तर ६ आहे, कारण २ आणि ३ हा तुकडा इतर सर्वांपेक्षा सरस ठरतो. शेवटच्या ४ च्या जागी −४ ठेवला, तर मात्र अख्खा अ‍ॅरेच उत्तर होतो आणि गुणाकार ४८ वर जातो. एका चिन्हाने उत्तर असे उलटते, हीच या प्रश्नाची खोच. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर हा प्रश्न १५२ व्या क्रमांकावर आहे.

याचा थोरला भाऊ म्हणजे महत्तम बेरजेचा प्रश्न. ब्राउन विद्यापीठातील उल्फ ग्रेनँडर यांना तो १९७७ मध्ये पडला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जे कडाने यांनी तो अ‍ॅरेवरून एकदाच फिरून सोडवला, आणि जॉन बेंटली यांनी १९८४ च्या आपल्या सदरातून ही रीत सर्वदूर नेली. कडानेंच्या रीतीत चालू बेरीज ऋण झाली की ती टाकून द्यायची आणि पुढच्या संख्येपासून नव्याने सुरुवात करायची. ऋण बेरीज पुढे नेण्यात कधीच फायदा नसतो, म्हणून हे चालते. गुणाकारात हे चालत नाही. −४८ आज निकामी दिसतो, पण पुढे −१ आला की त्याचे ४८ होतात. टाकून दिलेलाच आकडा उद्याचे उत्तर असू शकतो.

म्हणून येथे दोन आकडे सांभाळतात. चालू संख्येवर संपणाऱ्या सर्व तुकड्यांपैकी सर्वांत मोठा गुणाकार `hi` आणि सर्वांत लहान गुणाकार `lo`. दोनच का पुरतात, मधले गुणाकार विसरले तर काही हातचे जात नाही का, ही शंका रास्त आहे. पुढची संख्या `x` आली की मागच्या प्रत्येक गुणाकाराला तिनेच गुणायचे असते. `x` धन असेल तर लहानमोठेपणाचा क्रम तसाच राहतो, ऋण असेल तर तो नेमका उलटा होतो, शून्य असेल तर सगळे एकाच जागी येतात. यांपैकी कोणत्याही प्रकारात मधला आकडा दोन टोकांच्या बाहेर पडू शकत नाही. लागणारे गणित तेवढेच आहे: ऋणाला ऋणाने गुणले तर धन, धनाला ऋणाने गुणले तर ऋण आणि शून्याने गुणले तर शून्य. हे नियम बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात दिलेले आहेत.

पायथॉनमध्ये ही रीत अशी लिहितात:

```python
def max_product(nums):
    best = hi = lo = nums[0]
    for x in nums[1:]:
        if x < 0:
            hi, lo = lo, hi
        hi = max(x, hi * x)
        lo = min(x, lo * x)
        best = max(best, hi)
    return best
```

`x` ऋण असताना होणारी अदलाबदल हा या कोडचा प्राण. `max` आणि `min` मध्ये एकटा `x` घेतला आहे, तो मागचे सारे सोडून नवा तुकडा सुरू करण्याची मुभा देण्यासाठी.

[−२, ३, ०, −४, −१, २, −५] हा अ‍ॅरे घेऊन पाहू. पहिल्या संख्येवर `hi`, `lo` आणि `best` तिन्ही −२ असतात. ३ आल्यावर `hi` ३, `lo` −६ आणि `best` ३. मग शून्य येते आणि `hi`, `lo` दोन्ही ० होतात. मागचे −६ कायमचे गेले. पुढे −४ येतो. येथे `lo` −४ होतो, पण `hi` ० च राहतो, आणि नवशिका हमखास येथे अडखळतो. हा ० खोटा नाही: [०, −४] हा −४ वर संपणारा तुकडाच आहे आणि त्याचा गुणाकार ० आहे. त्यानंतर −१ आला की अदलाबदलीमुळे जुना −४ कामी येतो आणि `hi` ४, `lo` −१ होतात. २ आल्यावर ८ आणि −२. शेवटी −५ आला की ८ चे −४० होऊन ते `lo` मध्ये जातात, तर −२ चे १० होऊन `hi` मध्ये येतात. उत्तर १०, तुकडा [−१, २, −५]. एका पायरीपूर्वी आघाडीवर असलेले ८ तळाला गेले आणि तळातले −२ वर आले.

सर्वाधिक आढळणारी चूक अदलाबदल न करता लिहिलेल्या कोडमध्ये असते. तेथे `hi` साठी आणि `lo` साठी `x`, `hi * x`, `lo * x` या तिन्हींची तुलना करतात, आणि `hi` आधी बदलून तोच नवा `hi` पुढच्या ओळीत `lo` साठी वापरला जातो. [−४, −३, −२] वर हे पकडता येते. दुसऱ्या पायरीला `hi` १२ होतो आणि लगेच १२ ला पुन्हा −३ ने गुणून `lo` −३६ होतो. −३६ हा या अ‍ॅरेतील कोणत्याच तुकड्याचा गुणाकार नाही. −३ दोनदा गुणला गेला. शेवटी १२ ऐवजी ७२ उत्तर येते. जुना `hi` वेगळ्या नावाने राखून ठेवला की हा दोष जातो.

दुसरी चूक अधिक लबाड आहे: `hi` आणि `lo` १ वर ठेवून पहिल्या संख्येपासूनच फेरी सुरू करताना `best` ची सुरुवात ० पासून करणे. अ‍ॅरेमध्ये दोन किंवा अधिक संख्या असतील तर उत्तर ऋण येऊच शकत नाही. कारण त्यात शून्य असेल, किंवा एखादी धन संख्या असेल, आणि यांपैकी काहीच नसेल तर शेजारच्या दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो. त्यामुळे ही चूक फक्त [−३] सारख्या एकाच ऋण संख्येच्या अ‍ॅरेवर उघडी पडते. बाकी हजारो चाचण्या ती बिनबोभाट पार करते.

आकड्यांचा आकारही पाहावा लागतो. पाच वेळा १०, मग −१, मग पुन्हा पाच वेळा १० असा अ‍ॅरे घेतला तर उत्तर १,००,००० इतके साधे येते, पण वाटेत `lo` −१०,००,००,००,००० पर्यंत जातो. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात धन बाजूला २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावते आणि ऋण बाजूलाही तितपतच. पायथॉनला याची झळ लागत नाही. सी++ मध्ये असे ओसंडणे नियमबाह्य आहे, म्हणून उत्तर बसते एवढ्यावर विसंबून न राहता `long long` घ्यावा. अर्थात अ‍ॅरे लांबला तर तेही अपुरे पडेल.

`hi` आणि `lo` न सांभाळताही प्रश्न सुटतो. शून्यांपाशी अ‍ॅरे तोडायचा. प्रत्येक भागात ऋण संख्या सम असतील तर अख्खा भाग घ्यायचा. विषम असतील तर पहिल्या ऋण संख्येपर्यंतचा भाग सोडून उरलेला, किंवा शेवटच्या ऋण संख्येपासूनचा भाग सोडून उरलेला, यांतला मोठा घ्यायचा. शेवटी सर्व भागांची उत्तरे, आणि अ‍ॅरेत शून्य असेल तर ० सुद्धा, यांतले सर्वांत मोठे निवडायचे. वरच्या उदाहरणात शून्यानंतर तीन ऋण संख्या आहेत. पहिल्या प्रकारे १० येतात, दुसऱ्या प्रकारे ८. एकच ऋण संख्या असलेला भाग मात्र जपून हाताळावा लागतो, कारण सोडल्यावर एका किंवा दोन्ही बाजूंना काहीच उरत नाही असे होऊ शकते. ही रीत सुटसुटीत दिसते, पण शून्येतर पूर्णांकाने गुणल्यावर आकडा आकाराने कधी घटत नाही, या गृहीतावर ती उभी आहे. [०.५, ३, ०.५] वर ती ०.७५ सांगेल; खरे उत्तर ३ आहे, आणि `hi`-`lo` ची रीत ते बरोबर देते. अपूर्णांक येण्याची शक्यता असेल तेथे ही तोडाफोडीची रीत वापरू नये.