उणे व्याजदर म्हणजे काय? बँकेत पैसे ठेवायचे आणि वर पैसेही मोजायचे, हे कसं?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे हळदीच्या पट्ट्यातलं गाव. हळद विकून हाती आलेली रक्कम शेतकरी बचत खात्यात ठेवतो, तेव्हा त्याची अपेक्षा साधी असते: थोडं का होईना, व्याज मिळेल. समजा, बँकेनेच सांगितलं की लाखभर रुपये वर्षभर सांभाळायचे पाचशे रुपये लागतील, तर? तो पैसे काढून घरी नेईल.

उणे व्याजदरांचं धोरण आणि त्यातला धोका या एका उत्तरात सापडतो. भारतात असे दर कधीही आलेले नाहीत. पण स्वीडन, डेन्मार्क, युरो चलन वापरणारे देश, स्वित्झर्लंड आणि जपान यांनी गेल्या दीड दशकात ते प्रत्यक्ष राबवले. तिथे सर्वसामान्य खातेदाराला त्याची थेट झळ क्वचितच बसली. ती बसली बँकांना.

उणा दर नेमका कुणाला लागतो?

बँकांचीही एक बँक असते, ती म्हणजे मध्यवर्ती बँक. आपल्याकडे ती रिझर्व्ह बँक. कर्ज देऊन उरलेला पैसा बँका मध्यवर्ती बँकेत ठेवतात आणि एरवी त्यावर त्यांना व्याज मिळतं. हा दर शून्याच्या खाली नेला की व्याज मिळण्याऐवजी बँकेलाच शुल्क भरावं लागतं. दर उणे ०.५ टक्के असेल, तर १०० कोटी रुपये वर्षभर ठेवल्यावर ९९ कोटी ५० लाख उरतात.

इथे एक गल्लत टाळायला हवी. भारतात मे २०२० ते मे २०२२ या काळात रेपो दर ४ टक्के होता आणि महागाई बऱ्याच महिन्यांत त्याहून जास्त होती. तेव्हा ‘व्याजदर उणे झाले’ असं म्हटलं जात होतं. त्याचा अर्थ इतकाच, की मिळणारं व्याज महागाईला पुरत नव्हतं. खात्यातला आकडा मात्र वाढतच होता. या लेखातला उणा दर वेगळा आहे. त्यात आकडाच कमी होतो.

सक्तीने राखायच्या रोख राखीव निधीवर, म्हणजे सीआरआरवर, रिझर्व्ह बँक व्याज देत नाही. म्हणजे बँकेच्या पैशाच्या एका भागावर शून्य टक्के दर आपल्याकडेही आहे. उणा दर ही त्याच्या पुढची पायरी.

असं करण्यामागे विचार काय?

मंदी आली की मध्यवर्ती बँक दर कमी करते. कर्ज स्वस्त झालं की लोक घर घेतात, उद्योजक यंत्रं घेतात आणि मागणी वाढते. पण दर आधीच शून्यावर आलेले असताना महागाई फारच कमी राहिली किंवा किमती घसरू लागल्या, तर नेहमीचा मार्ग संपतो. अशा वेळी दर शून्याखाली नेले जातात.

अपेक्षा अशी, की पैसा नुसता ठेवल्यास दंड बसतो म्हटल्यावर बँका तो कर्जाऊ देतील किंवा रोखे घेतील. रोख्यांना मागणी वाढली की बाजारातले दीर्घ मुदतीचे दरही खाली येतात. शिवाय परदेशी गुंतवणूकदाराला त्या देशात पैसा ठेवणं नकोसं होतं, चलन स्वस्त होतं आणि निर्यातीला हात मिळतो. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडने हा उपाय मुख्यतः आपलं चलन फार महाग होऊ नये म्हणून वापरला.

युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये ठेवींवरचा दर उणे ०.१ टक्के केला. सप्टेंबर २०१९ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने उणे ०.५ टक्क्यांवर गेला आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा शून्यावर आला. स्वित्झर्लंडचा दर तर उणे ०.७५ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

मग बँकेचा नफा का घटतो?

बँकेचं मुख्य उत्पन्न म्हणजे फरकाचा धंदा. ठेवीवर कमी व्याज द्यायचं आणि कर्जावर जास्त घ्यायचं. हा फरक उणे दरात का आक्रसतो, ते एका कल्पित हिशेबातून पाहू.

समजा, कुरुंद्यासारख्या गावांत शाखा असलेली एक छोटी बँक आहे. तिच्याकडे १०० कोटींच्या ठेवी आहेत. त्यातले ७० कोटी कर्जात, २० कोटी सरकारी रोख्यांत आणि १० कोटी मध्यवर्ती बँकेत आहेत. कर्जावर ८ टक्के, रोख्यांवर ६ टक्के आणि मध्यवर्ती बँकेत ३ टक्के मिळतात. म्हणजे ५ कोटी ६० लाख, १ कोटी २० लाख आणि ३० लाख, एकूण ७ कोटी १० लाख. ठेवीदारांना सरासरी ३ टक्क्यांनी ३ कोटी दिले की उरतात ४ कोटी १० लाख. पगार, भाडं, संगणक असा खर्च अडीच कोटी धरला, तर हातात १ कोटी ६० लाख.

आता मध्यवर्ती बँक आपला दर ३ टक्क्यांवरून उणे ०.५ टक्क्यांवर नेते, म्हणजे साडेतीन टक्के कमी. काही काळाने जुनी कर्जं फिटतात, जुने रोखे मुदत संपून परत येतात आणि नवे व्यवहार तितक्याच कमी दराने होतात. कर्जावर ४.५ टक्के, म्हणजे ३ कोटी १५ लाख. रोख्यांवर २.५ टक्के, म्हणजे ५० लाख. मध्यवर्ती बँकेला उलट ५ लाख द्यावे लागतात. एकूण उत्पन्न ३ कोटी ६० लाख.

ठेवींचा दरही साडेतीन टक्क्यांनी कमी करता आला, तर बँकेचं काहीच बिघडत नाही. पण त्यासाठी ठेवीदाराकडून अर्धा टक्का घ्यावा लागेल आणि तो पैसे काढून घरी नेईल, कारण घरातल्या नोटेवर निदान शून्य टक्के तरी मिळतं. त्यामुळे ठेवींचा दर ३ वरून शून्यावर येऊन थांबतो. बँकेकडे ३ कोटी ६० लाख उरतात, खर्च तोच अडीच कोटी, आणि हातात राहतात १ कोटी १० लाख. बुडीत कर्जांची तरतूद करण्याआधीच जवळपास तिसरा हिस्सा गेला.

यातली खरी गोम म्हणजे मध्यवर्ती बँकेला दिलेलं शुल्क फक्त ५ लाख होतं, पण शून्यापाशी अडकलेल्या ठेवींमुळे एकूण फटका ५० लाखांचा बसला. बातम्यांमध्ये शुल्काची चर्चा होते, पण नुकसान मुख्यतः कर्जं आणि रोख्यांवरच्या घसरलेल्या उत्पन्नातून येतं.

म्हणूनच सगळ्या बँकांना सारखी झळ बसत नाही. बाजारातून पैसा उचलणाऱ्या मोठ्या बँकेला तो पैसाही स्वस्त मिळतो. गावोगावच्या छोट्या बचतींवर चालणाऱ्या बँकेला ती सोय नसते. जर्मनीतल्या बचत आणि सहकारी बँका आणि जपानमधल्या प्रादेशिक बँका याच कारणाने सर्वांत जास्त कुरकुरल्या.

ठेवीदाराकडून शुल्क घेताच येत नाही का?

काही प्रमाणात येतं. एक कोटी रुपये पाचशेच्या नोटांत ठेवायचे तर वीस हजार नोटा लागतात. मग तिजोरी आली, विमा आला, पहारा आला. त्यामुळे मोठी कंपनी थोडं शुल्क सोसते, घरातला खातेदार सोसत नाही. युरोपात अनेक बँकांनी आधी कंपन्यांना आणि नंतर मोठ्या शिलकीच्या व्यक्तींना उणे दर लावले. लहान खात्यांना बहुतेकांनी हात लावला नाही. दर आणखी खोल गेले असते, तर कंपन्यांनीही नोटांची साठवण सुरू केली असती. म्यूनिक री या जर्मन पुनर्विमा कंपनीने २०१६ मध्ये काही कोटी रोख स्वतः साठवून पाहण्याचा प्रयोग केलाच होता.

जपानने काय केलं?

बँक ऑफ जपानने २९ जानेवारी २०१६ रोजी उणे ०.१ टक्के दर जाहीर केला. मंडळातलं मतदान पाच विरुद्ध चार होतं. बँकांवरचा भार कमी राहावा म्हणून त्यांच्या शिलकीचे तीन भाग केले गेले. जुन्या शिलकीच्या मोठ्या भागावर अधिक ०.१ टक्के, मधल्या भागावर शून्य आणि फक्त वरच्या छोट्या भागावर उणे ०.१ टक्के.

म्हणजे थेट शुल्क जवळजवळ नाममात्र होतं. तरीही बँकांचे शेअर घसरले आणि येन स्वस्त होण्याऐवजी महागला. मोठ्या बँकांनी बचतीचा दर ०.००१ टक्क्यावर आणला, म्हणजे दहा लाख येनवर वर्षाला दहा येन. त्याखाली जायला जागाच नव्हती. दुसरीकडे दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावाही शून्याखाली गेला आणि बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड यांचं गणित कोलमडू लागलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये बँक ऑफ जपानने दहा वर्षांचा परतावा शून्याच्या आसपास राखण्याचं धोरण आणलं. दीर्घ मुदतीचे दर फार खाली जाऊ नयेत, हाही त्यामागचा एक हेतू होता. उणे दर अखेर १९ मार्च २०२४ रोजी संपले.

युरोपीय मध्यवर्ती बँकेनेही ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीच्या राखीव निधीच्या सहापट रकमेला शुल्कातून सूट दिली. पण सूट फक्त शुल्कातून मिळते. वरच्या हिशेबात त्यातून जास्तीत जास्त ५ लाख वाचतील, उरलेले ४५ लाख नाहीत.

म्हणजे हे धोरण फसलं का?

सरसकट तसं म्हणता येत नाही. दर पडले की बँकेकडच्या जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत वाढते आणि ते विकून नफा होतो. कर्जदारांचा हप्ता हलका होतो, त्यामुळे कर्जं कमी बुडतात. अर्थव्यवस्था सावरली तर कर्जाची मागणीही वाढते. सुरुवातीच्या वर्षांत युरोपातल्या अनेक बँकांना या गोष्टींनी तारलं.

अडचण मुदतीची आहे. रोख्यांवरचा नफा एकदाच मिळतो. कर्जांचे दर मात्र वर्षागणिक उतरत राहतात आणि ठेवी शून्यावरच असतात. नफ्यातूनच बँकेचं भांडवल वाढतं आणि भांडवलाच्या प्रमाणातच कर्ज देता येतं. फरक फार आक्रसला की बँक एक तर कर्ज आखडते, नाहीतर जास्त व्याजाच्या मोहाने धोक्याच्या कर्जदाराकडे वळते. ज्या पातळीच्या खाली दरकपातीने कर्जवाटप वाढण्याऐवजी घटू लागतं, तिला अर्थतज्ज्ञ ‘रिव्हर्सल रेट’ म्हणतात. ही पातळी आधी कुणाला दिसत नाही. ती प्रत्येक देशात वेगळी असते आणि उणे दर जितके लांबतात तितकी ती वर सरकते.

ती जवळ आल्याच्या खुणा बँकेच्या ताळेबंदात आणि व्यवहारात दिसतात. निव्वळ व्याज उत्पन्न सलग घटत असतं, खातं सांभाळण्याचं आणि इतर सेवांचं शुल्क वाढत असतं, आणि दर आणखी उतरूनही नव्या गृहकर्जाचा दर खाली येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ मध्ये दर उणे ०.७५ टक्क्यांवर गेल्यावर बँकांनी काही गृहकर्जांचे दर उलट वाढवले होते.